अकरा पिढ्यांचं चक्र

रोल नंबर एकची शीट मी सगळ्यात शेवटी तपासायला घेतली. ती मुलगी नेहमीच नीटनेटकी असते, त्यामुळे तिच्याकडे वेळ जात नाही, असा माझा हिशोब. रात्रीचे साडेदहा झाले होते आणि पॉप्युलेशन इकॉलॉजीची एकोणतीस असाइनमेंटं डोळ्यांखालून गेली होती. तीच ती आलेखाची रेघ, तेच ते 'अशा प्रकारे आपल्याला असे दिसून येते की'. हिच्या शीटच्या तळाशी मात्र पिवळा रंग भरून एक वाक्य लिहिलं होतं: 'r = 3 ला केऑस नाही. ११ पिढ्यांचं चक्र आहे.'

r हा वाढीचा दर, आणि केऑस म्हणजे आकडे कधीच नेमके परत न येणं. मी हसले आणि लाल पेन उचललं. मग तिचे आकडे वाचले आणि पेन खाली ठेवलं.

असाइनमेंट साधी असते. वर्षाला एकच पिढी होणारा, अंडी घालून मरून जाणारा एखादा कीटक धरायचा. म्हणजे आई आणि मुलं एका वेळी कधी जिवंतच नसतात, आणि काळ घड्याळासारखा सरकत नाही, पायरी-पायरीने चढतो. यंदा किती होते यावरून पुढच्या वर्षी किती असतील हे काढायचं. गर्दी नसेल तेव्हा संख्या भराभर वाढते. गर्दी झाली की खाणं पुरत नाही, अंडी खाल्ली जातात, आणि वाढ मंदावते किंवा उलटी फिरते. हे एका ओळीत बसवणारं समीकरण विल्यम रिकर या कॅनडातल्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५४ साली माशांसाठी मांडलं. मोठे मासे आपल्याच जातीची अंडी-पिल्लं खातात, हे त्याच्या डोक्यात होतं. स्प्रेडशीटमध्ये ते असं दिसतं:

```
B3: =B2*EXP($E$1*(1-B2/$E$2))
```

E1 मध्ये वाढीचा दर r, E2 मध्ये K, म्हणजे त्या जागेला झेपेल तितकी संख्या. आम्ही K हजार धरतो. B2 मध्ये सुरुवातीची संख्या भरायची आणि सूत्र खाली ओढायचं. दरवर्षी दोन-तीन जण डॉलरची खूण विसरतात आणि चौथ्या ओळीपासून `#DIV/0!` ची माळ घेऊन माझ्यासमोर उभे राहतात. ती भानगड मिटली की बाकी काम दहा मिनिटांचं.

कॉपी होऊ नये म्हणून मी एक युक्ती काढली होती. सुरुवातीची संख्या प्रत्येकाने १०० अधिक आपला रोल नंबर अशी घ्यायची. रोल नंबर एकची सुरुवात त्यामुळे १०१ किड्यांनी, आणि माझ्या उत्तरपत्रिकेतली १०० ने. एका किड्याचा फरक. या युक्तीत काय काय दडलंय याचा विचार मी तेव्हा केला नव्हता, हे आधीच कबूल करते.

पुढे जाण्याआधी r म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण वर्गात सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. मुलं r कडे टक्केवारी म्हणून बघतात. रिकरच्या समीकरणात r = 3 म्हणजे तीन टक्के नव्हे, तीनपटही नव्हे. गर्दी अजिबात नसताना एका पिढीत संख्या e चा तिसरा घात, म्हणजे जवळजवळ वीसपट होते. r = 2 म्हणजे साधारण साडेसातपट. एका मादीची शंभर अंडी आणि त्यातली चाळीस जगली, निम्म्या माद्या धरल्या, की वीसपट झालीच. किड्यांच्या जगात हे काही अचाट नाही.

आता हजारावर शांत बसलेल्या संख्येत कुठून तरी दहा किडे जास्तीचे आले, असं धरू. १०१० झाले. पुढच्या पिढीत काय होईल? r ०.५ असेल तर जास्तीचे दहा जाऊन पाच उरतात, मग अडीच, आणि गाडी हळूहळू हजारावर येते. r १.८ असेल तर गर्दीची शिक्षा जरा जास्तच होते. दहा जास्त होते, ते पुढच्या पिढीत आठ कमी होतात, त्याच्या पुढच्या पिढीत जवळजवळ साडेसहा जास्त. झोका आहे, पण मरत जाणारा. r २.३ केला की दहा जास्तचे तेरा कमी होतात, तेरा कमीचे सतरा जास्त. झोका वाढत जातो. दर पिढीला हजारापासूनचं अंतर १ − r ने गुणलं जातं, एवढीच ती गोष्ट. हा आकडा उणे एकच्या खाली गेला, म्हणजे r दोनच्या वर गेला, की हजार हे घर राहत नाही. तिथे नेमकं पोचलात तर राहाल, पण एक किडा इकडचा तिकडे झाला की बाहेर.

मुलांना इथे नेहमी वाटतं की जास्त वाढ म्हणजे जास्त स्फोट. तसं नाही. दोष वाढीतही नाही आणि गर्दीच्या शिक्षेतही नाही. शिक्षा एक पिढी उशिरा मिळते, यात आहे. गीझरचं पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो तेव्हा आपण काय करतो? गार लागलं म्हणून गरमचा नळ फिरवतो, काही होत नाही म्हणून आणखी फिरवतो, मग भाजतं, मग गारचा पूर्ण सोडतो. हळू हाताने फिरवणाऱ्याची अंघोळ नीट होते.

दोनच्या वर काय होतं, हे शीटमध्ये बघायला मला अजूनही मजा वाटते. २.३ ला संख्या दोन आकड्यांमध्ये अडकते: ४०८, १५९२, ४०८, १५९२. एक वर्ष दुष्काळ, एक वर्ष सुकाळ. r २.५२६ च्या पुढे नेला की त्या दोनांचे चार होतात. २.६ ला माझ्या शीटमध्ये १८१, १५२३, ३९१, १९०५ असे चार आकडे फेर धरतात. २.६५६ च्या पुढे आठ, मग सोळा, मग बत्तीस, आणि प्रत्येक दुपटीला लागणारी जागा आधीच्यापेक्षा लहान. २.६९२ ला हे दुपटीचं प्रकरण संपतं आणि त्यापुढे केऑस सुरू होतो. म्हणजे आकडे कधीच नेमके परत येत नाहीत, आणि हे सगळं कुठलाही फासा न टाकता.

१९७४ मध्ये रॉबर्ट मे या ऑस्ट्रेलियन माणसाने 'सायन्स'मध्ये हे मांडलं, आणि १९७६ च्या 'नेचर'मधल्या त्याच्या लेखाने ते सगळ्या शास्त्रांत पोचवलं. मे मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. तोवर इकॉलॉजीवाल्यांना आकडे वेडेवाकडे दिसले की ते हवामानाला दोष देत. मे म्हणाला की हवामान काढून टाका, एक ओळीचं समीकरण ठेवा, तरी आकडे वेडेवाकडेच येतील. ही गोष्ट मला आजही थोडी अपमानास्पद वाटते, आणि म्हणूनच आवडते.

तर रोल नंबर एक. r = 3, सुरुवात १०१. तिच्या शीटमधले पहिले अकरा आकडे असे होते: १०१, १४९८, ३३६, २४६३, ३१, ५६०, २०९५, ७८, १२४४, ५९८, १९९७.

आणि बारावा आकडा? १००. त्याच्या पुढे १४९२, ३४१, २४६२, ३१, ५६१, २०९३, ७९, १२४९, ५९२, २०१४. मग ९६, १४४८, ३७८, २४४३. इथे पंचवीस पिढ्या झाल्या आणि असाइनमेंट संपली, कारण मीच पंचवीस सांगितल्या होत्या.

तुम्हीच सांगा, हे चक्र नाही तर काय आहे? ३१ नंतर ५६०, ३१ नंतर ५६१. कुठल्याही फील्ड बायॉलॉजिस्टला इतका सुंदर डेटा मिळाला तर तो देवाला नारळ फोडेल. थोडा फरक आहे, पण तो मोजणीतला म्हणून सोडून देता येईल इतका. पिवळा रंग भरायचा तिला पूर्ण हक्क होता.

मी माझी शीट उघडली, १०० ने सुरू झालेली. त्यातही सुरुवात जवळजवळ तीच. १००, १४८८, ३४४, २४६२, ३१, ५६२, २०९१, ७९, १२५४, ५८५, २०३०. आणि मग ९२, १४०५, ४१७, २३९८, ३६, ६५२. माझ्याकडे फेरा दुसऱ्या वेळीच फाटला होता. अठराव्या पिढीत तिच्याकडे ७९ किडे आणि माझ्याकडे १४४. एकोणिसाव्यात तिचे १२४९, माझे १८७९. विसाव्यात तिचे ५९२, माझे १३५. एक किडा जास्त असल्यामुळे तिला चक्र सापडलं होतं, आणि एक कमी असल्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. "मॅडम, चुकलंय का?" तिने दारातूनच विचारलं.

"बस आधी. सूत्र खाली ओढ, चाळीसपर्यंत."

तिने ओढलं. आम्ही दोघी पडद्यावर वाकलो. सव्विसाव्या पिढीत ३२, सत्ताविसाव्यात ५८७. ती म्हणाली, "बघा, अजून चाललंय." अठ्ठाविसाव्यात २०२६, एकोणतिसाव्यात ९३. तिसाव्यात चौदाशेच्या वर, जिथे आधी साडेबाराशे होते. ती गप्प झाली. एकतिसाव्यात ५९२ च्या आसपास यायला हवे होते, आले ४०६. बत्तिसाव्यात २४१२. आणि तेहेतिसाव्या पिढीत, जिथे चौथा फेरा शंभराच्या आसपास सुरू व्हायचा, तिथे ३५.

"मग आधी दोनदा कसं काय जुळलं?" हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता, कारण मुलं आलेख बघून 'केऑस' असं लिहून मोकळी होतात. उत्तर लगेच देता आलं नाही. कागद घेतला.

यंदाची संख्या आडव्या अक्षावर आणि पुढच्या वर्षीची उभ्या अक्षावर मांडली, की रिकरचं समीकरण टेकडीसारखं दिसतं. डावीकडून चढतं, माथ्यावर येतं, मग उजवीकडे लांबच लांब उतरतं. r = 3 ला माथा नेमका ३३३ वर आहे, K भागिले r, आणि माथ्याची उंची २४६३. यंदा थोडे असतील तर पुढच्या वर्षी वाढतात, खूप असतील तर कोसळतात. मधल्या ३३३ ला सगळ्यात जास्त मिळतात.

आता टेकडीचा माथा सपाट असतो. माथ्यावर चार पावलं इकडे-तिकडे झालात तरी उंची तीच राहते. तिच्या पहिल्या फेऱ्यातला तिसरा आकडा ३३६, माथ्याला लागूनच. माझा ३४४, थोडा पलीकडे. आठ किड्यांचा फरक, पण पुढच्या पिढीत २४६३ आणि २४६२, म्हणजे फरक एकावर आला, आणि त्याच्या पुढे दोघींचे ३१. माथा आमच्या शीटमधला फरक पुसत होता. मग उतारावर आणि चढावर तो कमी-जास्त होत पुन्हा वाढला: दोन, चार, एक, दहा, तेरा, तेहेतीस.

तिच्या दुसऱ्या फेऱ्यात त्या जागी ३४१ आले. पुन्हा माथ्याजवळ. म्हणून पुन्हा २४६२, पुन्हा ३१, आणि सगळं पहिल्यासारखं. माझ्या दुसऱ्या फेऱ्यात त्या जागी ४१७ आले, माथ्यापासून दूर, त्यामुळे २३९८ आणि मग ३६. आता ३१ आणि ३६ मध्ये फरक तो काय, असं वाटेल. पण तिथे वाढ अठरापट आहे. पाच किड्यांचे पुढच्या पिढीत नव्वद होतात. तिच्या तिसऱ्या फेऱ्यात ३७८ आले, म्हणजे माथ्यापासून थोडं घसरायला सुरुवात, आणि चक्र विस्कटलं. चक्र असं नव्हतंच. टेकडीचा माथा दोनदा लागला, इतकंच.

मी हे इतकं सविस्तर लिहितेय कारण केऑसबद्दल सगळीकडे एकच वाक्य फिरत असतं, की सुरुवातीचा छोटा फरक वाढत जातो. तो सरळ वाढत जात नाही. कधी वाढतो, कधी पुसला जातो, आणि सरासरीत वाढ जिंकते. म्हणूनच थोड्या पिढ्या बघणाऱ्याला चक्र दिसू शकतं, आणि ते बघणारा वेडा नसतो.

मग खरं चक्र कसं ओळखायचं? तिने विचारलं तेव्हा मी तिला २.६ ची शीट उघडायला लावली आणि मधल्याच एका ओळीत संख्या पन्नासने वाढवायला सांगितली. काही पिढ्या आकडे भरकटले, आणि मग हळूहळू पुन्हा १८१, १५२३, ३९१, १९०५ वर आले. कधी फेऱ्यातलं पाऊल पुढे-मागे होतं, म्हणजे १८१ च्या वर्षी ३९१ येतात, पण आकडे तेच चार. खऱ्या स्थिर चक्राला धक्का दिला तर ते तो विसरतं. r = 3 ला एकाचा धक्का दिला तर वीस पिढ्यांत सगळं निराळं. पहिल्या शंभरेक पिढ्या टाकून देऊन मगच बघायचं, हा दुसरा नियम. तिसरं म्हणजे यंदा-पुढच्या वर्षीचा तो आलेख: चार पिढ्यांच्या चक्रात चारच ठिपके उमटतात, कितीही ओळी ओढा. केऑसमध्ये ठिपके टेकडीभर पसरतात, पण टेकडी सोडून बाहेर एकही जात नाही. आणि आकडे निव्वळ नशिबाने हलत असतील तर टेकडी दिसणारच नाही, ठिपक्यांचा ढग दिसेल. अर्थात केऑसच्या पट्ट्यातही अधूनमधून खऱ्या चक्रांच्या खिडक्या आहेत. r ३.१०२ च्या जरा पुढे नेला तर तीन पिढ्यांचं अस्सल, धक्का विसरणारं चक्र मिळतं. तिची अकराची कल्पना तत्त्वतः चूक नव्हती. r = 3 ला ती टिकली नाही, एवढंच.

निघताना तिने सहज म्हणून एक गोष्ट दाखवली, जी मला आधी दिसायला हवी होती. तिने अकरा आकड्यांची सरासरी काढून ठेवली होती: १०००. माझ्या अकरांची काढली, १००२. त्या अकरांपैकी एकही आकडा आठशे ते बाराशेच्या मध्ये नाही, आणि सरासरी मात्र K वर चिकटलेली. ४०८ आणि १५९२ ची बेरीज करून बघा, दोन हजार. चारांच्या फेऱ्याची बेरीज चार हजार. हा योगायोग नाही. दर पिढीत संख्या ज्या पटीने बदलते त्या पटीचा लॉग घेतला तर तो r गुणिले (1 − N/K) इतका असतो. संख्या शून्यही होत नाही आणि आकाशालाही भिडत नाही, तेव्हा दीर्घकाळात या सगळ्या चढ-उतारांची बेरीज शून्याजवळच राहायला हवी, आणि ती तशी राहायची तर N ची सरासरी K असणं भाग आहे. आता एखादा अधिकारी दरवर्षीची कीडमोजणी घेऊन सरासरी काढतो आणि अहवालात लिहितो, 'किडींची संख्या स्थिर असून सरासरी हजार आहे.' शब्दन्‌शब्द खरं, आणि ३१ च्या वर्षी आणि २४६३ च्या वर्षी शेतात उभ्या असलेल्या माणसाला काडीचा उपयोग नाही.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक शीट होती, तिला मी आधी गुण कापले होते. त्या मुलाने सूत्राला बाहेरून `ROUND` लावलं होतं. का, तर "मॅडम, अर्धा किडा नसतो." गणिताच्या दृष्टीने हा गुन्हा आहे. संख्या २४६३ च्या वर जाऊ शकत नाही. पूर्ण आकडेच घ्यायचे तर शक्यता जास्तीत जास्त अडीच हजारांच्या आत. म्हणजे कधी ना कधी एखादा आकडा पुन्हा येणार, आणि एकदा आला की त्याच्यामागून सगळे त्याच क्रमाने येणार. पूर्ण किडे मोजलेत की केऑस उरतच नाही, चक्र मिळणारच. मी 'राउंड करू नये' असं लाल शाईत लिहून दोन गुण कापले होते.

ते गुण मी नंतर परत दिले, आणि त्याचं कारण पिठातले किडे.

आपल्याकडे पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पिठात जे बारीक तांबडे किडे होतात, तेच, ट्रायबोलियम. ते आपलीच अंडी खातात आणि आपलेच कोष खातात, त्यामुळे गर्दीची शिक्षा तिथे अगदी रोखठोक असते. कॉस्टँटिनो, कशिंग, डेनिस आणि डेशार्ने या अमेरिकी मंडळींनी त्यांना दुधाच्या लहान बाटल्यांत, वीस ग्रॅम पीठ-यीस्टच्या मिश्रणात वाढवलं. दर दोन आठवड्यांनी पीठ चाळायचं, अळ्या, कोष आणि प्रौढ मोजायचे, आणि पुन्हा बाटलीत. या किड्यांच्या पिढ्या एकमेकींत मिसळतात, त्यामुळे रिकरची एक ओळ पुरत नाही. त्यांनी अळी, कोष आणि प्रौढ यांची तीन समीकरणं वापरली.

त्यांची खुबी अशी की केऑस आपोआप सापडेल याची त्यांनी वाट पाहिली नाही. समीकरणांनी सांगितलं, प्रौढांचा मृत्युदर ९६ टक्क्यांवर नेऊन ठेवा आणि नव्या प्रौढांची भरती अमुक इतकी ठेवा, तर अमुक घडेल. त्यांनी दर मोजणीला हाताने प्रौढ किडे काढून किंवा टाकून तसं करून दाखवलं. भरतीचा आकडा बदलत नेला तसतशी बाटल्यांमधली संख्या समीकरणाच्या भाकितासारखी रूप बदलत गेली, आणि मधल्या एका पट्ट्यात केऑससारखी वागली. हे १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. ९६ टक्के मृत्युदर निसर्गात सहसा नसतो, ही टीका रास्त आहे. पण प्रश्न 'किडे असं वागू शकतात का' हा होता आणि त्याचं उत्तर मिळालं.

बाहेरच्या शेता-रानात काय, याचं उत्तर त्याआधीच थोडंसं निराश करणारं आलं होतं. १९७६ मध्ये हॅसेल, लॉटन आणि मे यांनी २८ कीटक-समूहांच्या नोंदी घेऊन त्यांचे दर काढले. बहुतेक सगळे स्थिर पट्ट्यात बसले. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा चक्राच्या पट्ट्यात गेला, आणि केऑसच्या पट्ट्यात गेल्या त्या निकोल्सन या कीटकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत पाळलेल्या माश्या. म्हणजे ज्या माणसाने केऑस दाखवला, त्याच माणसाच्या हिशोबात निसर्गात तो जवळजवळ नव्हता. वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे पडतात. मला मात्र मे याच कारणासाठी आवडतो. अर्थात त्या हिशोबालाही मर्यादा आहे: शत्रू-किडे, परोपजीवी, हवामान हे सगळं त्यात एका प्रजातीच्या एका ओळीत कोंबलेलं होतं.

पण ट्रायबोलियमवाल्यांकडे परत येते. २००१ मध्ये त्याच गटातल्या शँडेल हेन्सन आणि सहकाऱ्यांनी त्या केऑसच्या बाटल्यांचे आकडे पुन्हा बघितले. त्यात चक्रासारखे तुकडे सापडत होते, जे समीकरणात नव्हते. कारण काय निघालं? किडे पूर्ण संख्येत येतात. बाटली लहान, किडे मोजके, आणि अर्धा किडा नसतो. समीकरणाचा केऑस अखंड आकड्यांच्या जगात राहतो, बाटलीत मात्र आकड्यांच्या जाळीवर उड्या मारत जावं लागतं, आणि जाळीवर चक्रं असतातच. अधूनमधून नशीब धक्का देतं, संख्या एका चक्रातून निसटते, भरकटते, पुन्हा चक्राजवळ येते. बाटलीत जे दिसतं ते या दोन्हींचं मिश्रण असतं.

म्हणजे `ROUND` वाल्या पोराने दोन आठवड्यांच्या गृहपाठात जी चूक केली, ती खुद्द किडेही करतात. त्याला बोलावून हे सांगितलं तेव्हा त्याला फार काही वाटलं नाही. "म्हणजे दोन मार्क परत ना?" एवढंच त्याने विचारलं.

रोल नंबर एकच्या शीटखाली मी बराच वेळ काय लिहावं ते सुचत नव्हतं. शेवटी पिवळ्या ओळीच्या शेजारी लिहिलं: 'पिढी ३१ बघ.' आणि गुण पूर्ण दिले, कारण तिच्यापुढे जेवढ्या ओळी होत्या तेवढ्यांवरून मीही तेच म्हटलं असतं.

यंदाच्या असाइनमेंटचा कागद कालच तयार केला. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने वाचून विचारलं, पंचवीसच पिढ्या कशाला, शंभर सांग, सूत्र ओढायला कितीसा वेळ लागतो? मी पंचवीसच ठेवल्या. रोल नंबरची युक्तीही तशीच ठेवली आहे.